‘कोणतंही काम चालेल’ ही ओळ आधी काढा

ताई, नमस्कार.

माझं वय ३८. गेली ११ वर्षं स्पेअर पार्ट्सच्या इन्व्हेंटरी प्लॅनिंगमध्ये आहे, त्यातली शेवटची ६ वैद्यकीय उपकरणांच्या एका कंपनीत. १९ दिवसांपूर्वी आमची संपूर्ण टीम काढून टाकली. लिंक्डइनवर पोस्ट टाकायची म्हणून चार वेळा लिहिली आणि चारही वेळा पुसली. एकदा वाचली की हात पसरल्यासारखी वाटते, एकदा वाचली की त्यात कंपनीवरचा राग दिसतो. आत्ताचा मसुदा असा सुरू होतो: ‘जड अंतःकरणाने कळवतो की सहा वर्षांचा एक सुंदर प्रवास आज संपला...’ आणि शेवट असा: ‘कुठे काही संधी असल्यास कृपया कळवावे. कोणतंही काम चालेल.’ सांगण्यासारखं काम म्हणाल, तर आमच्या टीमने ४ गोदामांतल्या जवळपास ६,००० भागांचा फिल रेट १८ महिन्यांत ८६ टक्क्यांवरून ९४ वर नेला, म्हणजे मागितलेला भाग साठ्यातून लगेच देता येण्याचं प्रमाण तेवढं वाढवलं. सगळ्या भागांना एकाच मापाने मोजणं बंद करून, यंत्र बंद पाडणारे भाग मी वेगळे काढले होते. बायको म्हणते, टाकून मोकळे व्हा. भाऊ म्हणतो, टाकूच नकोस, बाजारातली पत जाते. काय करू?

*

पोस्ट टाका. पण आज टाकू नका, दोन-तीन दिवस थांबा. तेवढ्यात काय करायचं ते सांगते.

कंपनीने जाताना तुमच्यापुढे सहीसाठी कागद ठेवला असेल. सही केली असो वा नसो, तो आज पुन्हा शांतपणे वाचा. अशा करारात पुष्कळदा एक कलम असतं: कंपनीबद्दल जाहीरपणे वाईट बोलायचं नाही, आतली माहिती बाहेर सांगायची नाही. मिळणारी रक्कम कधी कधी या कलमाला बांधलेली असते. शब्द कळत नसतील तर वकिलाला दाखवा. तुमचा शेवटचा दिवस नेमका कोणता तेही त्यात पाहा. काही ठिकाणी माणूस घरी बसलेला असतो, पण कागदावर अजून महिनाभर नोकरीत असतो. तसं असेल तर ‘लगेच रुजू होऊ शकतो’ असं लिहिणं चूक ठरेल.

आता पोस्ट. मी १७ वर्षं भरतीच्या कामात काढली, अशा पोस्ट रोज वाचल्या. मधे एकदा माझीच नोकरी गेली आणि मीही तशी पोस्ट लिहिली. तिला दोनशेच्या वर लाइक आले, ‘तू नक्की पुढे जाशील’ अशा कमेंट आल्या, मला बरंही वाटलं. तीन आठवड्यांत कामाचा एकही निरोप आला नाही. मग एका जुन्या सहकाऱ्याने फोन करून विचारलं, “मला दोन माणसं माहीत आहेत, पण तू नेमकं काय शोधते आहेस? त्यांना काय सांगू?” मी ते पोस्टमध्ये कुठेच लिहिलं नव्हतं. माझ्यावर काय गुजरलं ते सगळं लिहिलं होतं. लोकांनी त्याला उत्तर दिलं, आणि ते उत्तर सहानुभूतीचंच असणार होतं.

तेव्हापासून मी या पोस्टकडे एकाच प्रश्नाने पाहते: ती वाचणाऱ्याला पुढे काय करता येईल?

वाचणारा कोण असतो याचा विचार करा. तुमच्या जवळच्या माणसांना पोस्टची गरजच नाही, त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. नोकरी देऊ शकणारा माणूस तुमच्या थेट ओळखीत असता तर तुम्ही त्याला फोनच केला असता. पोस्ट वाचते ती मधली माणसं. पाच वर्षांपूर्वी तुमच्याशी रोज बोलणारा आणि आता दुसरीकडे गेलेला एखादा सप्लायर, एखाद्या प्रशिक्षणात शेजारी बसलेली बाई, जुन्या नोकरीतला वेगळ्या विभागातला कोणीतरी. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली हीच गोष्ट मांडली. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं की ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. बहुतेकांचं उत्तर होतं, अधूनमधून किंवा क्वचित. कारण सरळ आहे. रोजच्या माणसांना जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतं, लांबच्या ओळखीचा माणूस वेगळ्याच वर्तुळात वावरत असतो. २०२२ मध्ये लिंक्डइनच्याच २ कोटींहून अधिक सदस्यांच्या माहितीवर झालेल्या एका अभ्यासातही नोकरी बदलायला जवळच्यांपेक्षा अशा पातळ ओळखी जास्त उपयोगी पडल्याचं दिसलं.

हा मधला माणूस तुमच्यासाठी फार वेळ देणार नाही, त्याने द्यावा अशी अपेक्षाही नको. फार तर तो आपल्या एका ओळखीच्याला मेसेज करेल: ‘एक जण आहे, स्पेअर पार्ट्सचं प्लॅनिंग करतो, ११ वर्षांचा अनुभव आहे, बोलशील का?’ हे एक वाक्य त्याला तुमच्या पोस्टमधून उचलता आलं पाहिजे. तुमच्या मसुद्यातून त्याला काय उचलता येतं? एका माणसाचा प्रवास संपला आणि त्याला कोणतंही काम चालेल, एवढंच. असा निरोप घेऊन कोणी कोणाकडे जात नाही.

‘हात पसरल्यासारखं वाटतं’ हे तुमचे शब्द मी दोनदा वाचले, कारण ते वाटणं बरोबर जागी बोट ठेवतं. मसुद्यातलं ‘कोणतंही काम चालेल’ खटकतं आहे. मदत मागण्यात कमीपणा नाही. पण असं लिहिलं की आपल्या बाजूचा विचार आपण समोरच्यावर टाकतो. त्याने ठरवायचं की हा माणूस कशाला योग्य, कुठे बसेल, कोणाला विचारू. एवढं ओझं कोणी घेत नाही, आणि घेतलंच तर उपकार केल्यासारखं घेतो. तोच विचार तुम्ही आधी करून ठेवला, म्हणजे हे माझं काम, हे माझं पद, अशा कंपनीत ते असतं आणि तुम्ही फक्त एक नाव सांगा, की मागणं लहान होतं आणि मान शाबूत राहते.

तुम्ही ती ओळ भीतीने लिहिली हे मला कळतं. पद नेमकं सांगितलं तर बाकीची दारं बंद होतील, असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं. भरती करणारा माणूस शोधताना पदाचं नाव टाइप करतो, ‘काहीही’ टाइप करत नाही. ओळखीचा माणूसही पदाच्या नावावरून आठवतो. तुमच्या कामाची अडचण अशी की त्याला प्रत्येक कंपनीत वेगळं नाव आहे: इन्व्हेंटरी प्लॅनर, मटेरियल प्लॅनर, सप्लाय प्लॅनर, सर्व्हिस पार्ट्स प्लॅनर. पोस्टमध्ये यातली दोनच घ्या, एक सर्वांना कळणारं आणि एक तुमच्या खास क्षेत्रातलं. उरलेली वाया जात नाहीत. लिंक्डइनच्या Open to Work या सोयीत पाच पदांपर्यंत नावं भरता येतात, ती तिथे भरा.

आता पहिल्या ओळी. लिंक्डइनवर पोस्ट ३,००० अक्षरांपर्यंत लिहिता येते, पण फीडमध्ये तिच्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि पुढे …more येतं. त्यावर बोट टेकवायचं की नाही हे वाचणारा तेवढ्यावर ठरवतो. तुमच्या त्या ओळींत जड अंतःकरण आहे आणि सुंदर प्रवास आहे. तुम्ही काय काम करता हे तिथे आलेलंच नाही. ज्याला तुमची खरोखर मदत करता आली असती असा माणूस तिथूनच पुढे सरकून जाईल, आणि त्याला कळणारही नाही की ही पोस्ट त्याच्या विषयाची होती.

नोकरी गेल्याची गोष्ट लपवू नका, पण तिला एकच वाक्य द्या. कधी झालं आणि किती व्याप्तीचं होतं, बस. ‘संपूर्ण टीम’ हे दोन शब्द तुमच्या बाजूने खूप बोलतात, कारण त्यातून कळतं की हा निर्णय तुमच्या कामावर नव्हता. किती माणसं गेली, पुढे कोणता विभाग बंद होणार आहे, हे कंपनीने स्वतः जाहीर केलं नसेल तर तुम्ही लिहू नका. ‘अन्यायाने’, ‘अचानक’, ‘एका कॉलवर’ हे शब्दही नकोत. ते खोटे असतील म्हणून नाही. जो तुमचं नाव पुढे नेणार आहे त्याला ते शब्दही सोबत न्यावे लागतात, आणि पलीकडचा माणूस त्याला पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारेल. राग घरात बोला, मित्रापाशी बोला, मनात येईल तितका बोला. आभारही मानलेच पाहिजेत असं नाही. कंपनीबद्दल कृतज्ञता वाटत नसेल तर ती लिहिण्याची सक्ती कोणी केलेली नाही. एखाद्या सहकाऱ्याबद्दल वाटत असेल तर त्याला खासगीत लिहा. तोही त्याच टीममधून गेला असेल आणि त्याने अजून कोणाला सांगितलं नसेल, तर तुम्ही त्याला टॅग केल्याने त्याची बातमी फुटेल.

फिल रेटची गोष्ट मात्र पोस्टमध्ये यायलाच हवी, तुमच्या पत्रातलं ते सर्वांत दमदार वाक्य आहे. तुम्ही ‘आमच्या टीमने’ असं लिहिलंत ते मला आवडलं. ते तसंच ठेवा, आणि लगेच पुढच्या वाक्यात तुमचा स्वतःचा वाटा सांगा. तुमची जुनी टीम ही पोस्ट वाचणार आहे. सगळं श्रेय स्वतःकडे घेतलंत तर ज्यांनी तुमच्याबद्दल चांगलं सांगायचं तेच गप्प बसतील. आकड्याची परीक्षा दोन प्रश्नांनी करा. तो करारातल्या गुप्ततेच्या कलमात बसतो का? बसत असेल तर आकडा काढा आणि फक्त काम सांगा, ‘यंत्र बंद पाडणाऱ्या भागांची वेगळी वर्गवारी करून त्यांची उपलब्धता वाढवली’ एवढंही पुरतं. दुसरा प्रश्न, मुलाखतीत कोणी विचारलं की ८६ कसे मोजले होते, तर दोन मिनिटं न अडखळता सांगता येईल का? येत नसेल तर तो आकडा पोस्टमध्ये नको.

हे सगळं धरून मी तुमची पोस्ट अशी लिहिली असती. तुमच्या क्षेत्रातली माणसं ज्या भाषेत वाचतात त्या भाषेत तुम्ही ती टाका, क्रम मात्र हाच ठेवा.

‘इन्व्हेंटरी प्लॅनर म्हणून नवं काम शोधतो आहे. ११ वर्षं स्पेअर पार्ट्सचं प्लॅनिंग केलं आहे, त्यातली शेवटची ६ वैद्यकीय उपकरणांसाठी. लगेच रुजू होऊ शकतो.

गेल्या महिन्यात कंपनीने आमची संपूर्ण प्लॅनिंग टीम बंद केली, त्यात माझंही पद गेलं.

तिथे आमच्या टीमने ४ गोदामांतल्या जवळपास ६,००० भागांचा फिल रेट १८ महिन्यांत ८६ टक्क्यांवरून ९४ टक्क्यांवर नेला. त्यात माझं काम होतं भागांची नवी वर्गवारी: ज्या भागावाचून यंत्र बंद पडतं ते भाग वेगळे काढून त्यांचा सेफ्टी स्टॉक स्वतंत्रपणे ठरवणं.

इन्व्हेंटरी प्लॅनर किंवा सर्व्हिस पार्ट्स प्लॅनर या पदासाठी प्रयत्न करतो आहे. यंत्र विकल्यानंतर त्याची दुरुस्तीही सांभाळणाऱ्या कंपन्यांत हे काम असतं, मग ती वैद्यकीय उपकरणं असोत, लिफ्ट असोत, जनरेटर किंवा छपाईची यंत्रं. ऑफिसमधून किंवा हायब्रिड, दोन्ही चालेल.

अशा कंपनीत सर्व्हिस किंवा सप्लाय चेन विभागात तुमच्या ओळखीचं कोणी असेल, तर त्यांचं नाव मला मेसेजमध्ये कळवाल का? पुढचं मी स्वतः लिहीन. सध्या जागा नसली तरी त्यांच्याशी १५ मिनिटं बोलायला मला आवडेल.’

लिफ्ट आणि जनरेटर मी मुद्दाम घातले. ‘आफ्टरसेल्स क्षेत्र’ असं लिहिलं तर कोणाला काही आठवत नाही. ‘लिफ्ट’ वाचलं की आठवतं, अरे, आपल्या मेहुण्यांचा मित्र लिफ्टच्या कंपनीत आहे. माणसाची आठवण वस्तूच्या नावाने जागी होते. तुमच्या कामाला लागू पडणारी आणखी यंत्रं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील, ती घाला, पण चार-पाचच्या वर नकोत.

शेवटचं मागणंही नीट पाहा. त्यात नोकरी मागितलेली नाही, नाव मागितलं आहे. कुठे जागा निघाली आहे हे फार थोड्यांना माहीत असतं, पण एखादं माणूस जवळपास प्रत्येकाला माहीत असतं. आणि ‘पुढचं मी स्वतः लिहीन’ या वाक्याने मदत करणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. शिफारस करण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, त्यामुळे ज्याने तुमच्यासोबत कधी काम केलेलं नाही तोही नाव द्यायला कचरत नाही.

पोस्ट टाकण्याआधी प्रोफाइल सुधारा. पोस्ट वाचून जो तुमच्या नावावर टिचकी मारेल त्याला सगळ्यात आधी नावाखालची ओळ दिसेल. तिथे जुन्याच कंपनीचं पद राहिलं असेल तर तो गोंधळेल, ‘संधीच्या शोधात’ असं असेल तर त्याला काहीच कळणार नाही. तिला २२० अक्षरांची जागा आहे. ‘इन्व्हेंटरी आणि सर्व्हिस पार्ट्स प्लॅनर, वैद्यकीय उपकरणं, ११ वर्षांचा अनुभव’ असं काहीतरी लिहा. अनुभवाच्या भागात जुन्या नोकरीला शेवटची तारीख घाला. मग पोस्ट कोणाला दिसेल ते पाहा: Anyone निवडा. Connections only ठेवलंत तर ज्या मधल्या माणसांच्या ओळखीपर्यंत पोचायचं आहे त्यांना ती दिसणारच नाही.

हिरव्या चौकटीबद्दल तुमच्या भावाला काय वाटेल याचा मला अंदाज आहे. Open to Work दोन प्रकारे लावता येतं. एकात फोटोभोवती हिरवी पट्टी येते आणि ती सर्वांना दिसते. दुसऱ्यात, म्हणजे Recruiters only मध्ये, पट्टी येत नाही, आणि लिंक्डइनचं भरतीसाठीचं खास साधन वापरणाऱ्यांनाच कळतं की तुम्ही उपलब्ध आहात. जे अजून नोकरीत असतात आणि गुपचूप शोधत असतात त्यांच्यासाठी दुसरा पर्याय ठीक, तोही पूर्ण खात्रीचा नाही, कारण आपल्याच कंपनीतल्या कोणाला ते कधीच कळणार नाही अशी हमी लिंक्डइन देत नाही. तुम्ही तर जाहीर पोस्ट टाकणार आहात. एकदा ती टाकली की पट्टी लपवून काही लपत नाही. मी भरती करताना त्या पट्टीमुळे कोणाला कधी वगळलं नाही. वगळणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत, हेही खरं. पण तसा विचार करणारा माणूस नोकरी गेल्याचं वाक्य वाचूनही तोच विचार करेल, आणि ते वाक्य तुम्ही प्रत्येक मुलाखतीत बोलणारच आहात. पत जाते ती ज्याने ही गोष्ट लपवली आणि नंतर उघडी पडली त्याची.

फोन नंबर आणि घरचा पत्ता जाहीर पोस्टमध्ये घालू नका. बायोडेटाची फाइल जोडणार असाल तर तिच्यातूनही दोन्ही काढा. वाटल्यास या शोधासाठी एक वेगळा ईमेल उघडा. नोकरी गेल्याची पोस्ट ठगही वाचतात. दोन दिवसांत एखादा ‘रिक्रूटर’ लिहील की तुमची निवड झाली आहे, फक्त नोंदणीचे किंवा प्रशिक्षणाचे पैसे भरा, किंवा कागदपत्रांच्या तपासणीसाठी ओटीपी सांगा. मुलाखत न घेता निवड आणि नोकरीच्या आधी पैसे, यातलं एक जरी दिसलं तरी बोलणं तिथेच थांबवा. कंपनीचं नाव खरं असलं तरी थांबवा. त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून संपर्क शोधून ही व्यक्ती तिथली आहे का ते विचारा.

पोस्ट टाकल्यावरचा दिवस मोकळा ठेवा. बरेच लोक सकाळी पोस्ट टाकतात आणि संध्याकाळी लाइक मोजतात. त्यापेक्षा कमेंट वाचा. ‘शुभेच्छा’ लिहिणाऱ्याचे आभार माना. पण ‘विचारून सांगतो’, ‘आमच्याकडे बघतो’ असं कोणी लिहिलं, तर त्याच दिवशी त्याला खासगी मेसेज करा आणि त्याला जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा एक छोटा परिच्छेद द्या. तो तुमच्याबद्दल तिसऱ्या माणसाने लिहावा तसा असू दे:

‘माझ्या ओळखीचे एक जण इन्व्हेंटरी प्लॅनर आहेत. वैद्यकीय उपकरणांच्या स्पेअर पार्ट्सचं प्लॅनिंग ६ वर्षं केलं, त्याआधीची ५ वर्षंही याच कामात. त्यांची टीम नुकतीच बंद झाली, लगेच येऊ शकतात. तुमच्याकडे सर्व्हिस पार्ट्स कोण बघतं, त्यांच्याशी यांची गाठ घालून द्याल का?’

हा परिच्छेद पोस्टपेक्षा जास्त काम करतो असं माझं मत आहे. पोस्ट दोन-चार दिवसांत खाली जाते, हा मेसेज हातोहात फिरत राहतो. ‘बघतो’ म्हणणारे बहुतेक जण मनापासूनच म्हणतात, पण काय लिहायचं हे न सुचल्याने राहून जातं.

एक साधा तक्ता ठेवा: कोणी, कोणत्या तारखेला, काय म्हटलं, पुढे कधी विचारायचं. आठवड्याने एकदा आठवण करा, तीही नव्या माहितीसह: ‘मागच्या आठवड्यात तुम्ही सर्व्हिस विभागातल्या मॅडमचा उल्लेख केला होता. मी त्यांना लिहायला तयार आहे, तुमचं नाव सांगितलं तर चालेल ना?’ त्यानंतरही उत्तर आलं नाही तर तिसऱ्यांदा विचारू नका.

दोन आठवडे झाले आणि हाती काही लागलं नाही, तर नेमकं कुठे अडलं ते ओळखता येतं. पोस्टखाली ती किती वेळा दिसली याचा आकडा तुम्हाला दिसतो. पुष्कळांना दिसली, लाइकही आले, पण नावं आली नाहीत, तर मागणं अस्पष्ट आहे. शेवटचा परिच्छेद पुन्हा लिहा, यंत्रांची नावं बदलून पाहा. थोड्यांनाच दिसली असेल तर मजकुराला दोष देऊ नका, ओळखी कमी आहेत किंवा जुन्या क्षेत्रातल्या आहेत. मग पोस्टची वाट सोडा आणि जुन्या सप्लायर, गोदामवाले, सर्व्हिस इंजिनिअर अशा वीस जणांना एकेक करून लिहा. सगळ्यांना एकच मेसेज नको. प्रत्येकाच्या पहिल्या वाक्यात तुमची कुठे गाठ पडली होती ते येऊ दे.

तीच पोस्ट पुन्हा टाकू नका. महिन्याभराने लिहायचंच असेल तर तुमच्या कामातलं काहीतरी लिहा. वर्षातून दोनदाच लागणारा पण नसला तर यंत्र आठवडाभर बंद ठेवणारा भाग गोदामात ठेवायचा की नाही, हे तुम्ही कसं ठरवायचात? मागणीचा सरासरी आकडा पाहून तो भाग कोणी ठेवणारच नाही, आणि तुम्ही नेमकी तीच सवय मोडलीत. हे दहा ओळींत लिहा आणि खाली एक ओळ जोडा की मी अजून सर्व्हिस पार्ट्स प्लॅनरचं काम शोधतो आहे. तुमच्या क्षेत्रातला व्यवस्थापक ती थांबून वाचेल, कारण तो त्याच्या रोजच्या डोकेदुखीचा विषय आहे.

काम मिळालं की तक्ता काढा आणि ज्यांनी नाव दिलं होतं त्या प्रत्येकाला कळवा, त्यांच्या नावातून काही झालं नसलं तरी. मूळ पोस्टही उघडून वर एक ओळ घाला की शोध संपला आहे, नाहीतर वर्षभराने कोणी तुमच्यासाठी धडपडत राहील.

आता या तीन दिवसांतलं शेवटचं काम, आणि ते भावाकडून करून घ्या. त्यांना पोस्टचा मसुदा द्या आणि तुमच्या क्षेत्राशी संबंध नसलेल्या एखाद्याला एकदाच वाचून दाखवायला सांगा. दहा मिनिटांनी त्या माणसाला विचारायचं, हे काय काम करतात आणि त्यांना आपल्याकडून काय हवं आहे? त्याने ‘सुट्या भागांचा साठा ठरवतात, आणि लिफ्ट वगैरेच्या कंपनीत कोणी ओळखीचं आहे का विचारतात’ असं काहीसं सांगितलं तर पोस्ट टाका. ‘बिचाऱ्यांची नोकरी गेली’ एवढंच आठवलं, तर आणखी एक दिवस थांबा आणि पहिला परिच्छेद पुन्हा लिहा.